धागा: पाच हजारांत घरून ऑनलाइन रिसेलिंग, पहिला महिना कसा आखावा?

शेवंती

नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहते. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री नऊनंतर अर्धा-पाऊण तास एवढाच वेळ हातात असतो. ५,००० रुपये बाजूला काढलेत, त्यात वर भर घालता येणार नाही. होलसेलमधून कॉटनचे गाऊन आणून व्हॉट्सऍपवर विकायचा विचार आहे, कारण आमच्या सोसायटीत आणि मुलांच्या शाळेच्या ग्रुपमध्ये त्याची विचारणा सतत दिसते. दुकान काढायचं नाही, कर्ज घ्यायचं नाही. पहिल्या महिन्यात नेमकं कोणत्या आठवड्यात काय करावं, माल किती आणावा आणि पैसे कुठे अडकतात, हे जाणकारांनी सांगावं. एक मावसबहीण बेळगावला आहे, तीही तिथे चार जणींना दाखवीन म्हणाली आहे.

घाटावरचा

ताई, खाण्याच्या वस्तू असतील तर आधी फूड लायसन्स बघा. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर एफएसएसएआयची साधी नोंदणी पुरते, तिची फी वर्षाला १०० रुपये. चकली-लाडू घरी करून विकले तरी ती लागते. पाकिटावर नोंदणी क्रमांक, वजन, तारीख हवी.

शेवंती

दादा, खाण्याचं काही नाही हो. तयार गाऊन आणून विकायचे आहेत.

घाटावरचा

अच्छा, मी घरगुती फराळ समजलो. असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मोगरा_७

एवढे पैसे मालात घालताच कशाला? रिसेलिंगची ऍप आहेत, त्यातले फोटो उचला, आपले पन्नास-शंभर वर लावा आणि ग्रुपवर टाका. ऑर्डर आली की तिथूनच पार्सल परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी जातं. भांडवल शून्य, माल पडून राहायची भीती नाही.

सूतपारखी

मोगरा, भांडवल लागत नाही हे खरं आहे. पण गाऊनच्या बाबतीत तीन अडचणी येतात.

पहिली म्हणजे कापड हातात येत नाही. फोटोत ‘कॉटन’ लिहिलेलं असतं आणि निघतो अल्पाइनसारखा कृत्रिम धाग्याचा नाहीतर पॉलिएस्टर मिसळलेला माल. उन्हाळ्यात असा गाऊन घेणारी बाई पुन्हा तुमच्याकडे येत नाही, मग तो कुठूनही आलेला असो. दुसरी, तोच फोटो त्याच शहरातल्या दहा ग्रुपवर वेगवेगळ्या भावाने फिरत असतो, त्यामुळे भाव टिकत नाही. तिसरी, परत करायचं झालं की नियम ऍपचे आणि बोलणी तुमची.

त्या ऍपचा एक उपयोग मात्र जरूर करावा. तुमच्या ओळखीच्या बायका कोणत्या प्रकारच्या गाऊनवर बोट ठेवतात ते माल आणण्याआधी कळतं. पहिल्या आठवड्यात पाच-सहा फोटो दाखवून फक्त विचारा: पुढे चेन हवी की बटण, खिसा हवा का, बाही केवढी, छाती किती इंच. पंचवीस-तीस जणींची उत्तरं वहीत लिहिलीत की होलसेलवाल्यासमोर गोंधळ होणार नाही. ऑर्डर घेऊ नका, भाव सांगू नका. बहुतेक वेळा दोन उत्तरं पुन्हा पुन्हा येतात. घरात घालायचा गाऊन असेल तर खिसा, आणि ‘फ्री साइज’ म्हणून जो मिळतो तो छातीत घट्ट होतो ही तक्रार.

हिशेबनीस

शेवंतीताई, पाच हजार कसे वाटावेत ते मांडतो. भाव गृहीत धरलेले आहेत, तुमच्या बिलाप्रमाणे बदला, पण रीत हीच ठेवा.

पहिली फेरी १२ नगांची. गाऊनचा होलसेल भाव २१० धरू. १२ नगांचे २,५२०. दुकानदार सांगतो तो भाव बहुतेक वेळा ‘प्लस जीएसटी’ असतो. अडीच हजारांच्या आतल्या कपड्यांवर ५ टक्के, म्हणजे १२६. तुमची जीएसटी नोंदणी नसल्यामुळे हा कर परत मिळत नाही, तो खरेदीतच धरायचा. तुम्ही स्वतः जाऊन आणणार असाल तर येण्याजाण्याचा खर्च ३६० धरू. एकूण ३,००६. नगामागे २५० रुपये ५० पैसे.

आता विक्री ३५० ने धरली तर नगामागे ९९.५० सुटतात असं वाटतं. पण बारापैकी आठ विकले तेव्हा हातात २,८०० आलेले असतात आणि मुद्दल ३,००६ आहे. म्हणजे आठ गाऊन विकूनही तुम्ही २०६ रुपये मागेच. नववा विकला की मुद्दल सुटून वर १४४ राहतात. सगळे बारा गेले तरच १,१९४ दिसतात. पूर्ण नफा शेवटच्या साडेतीन नगांत आहे, आणि नेमके तेच नग न आवडलेल्या रंगाचे किंवा नको त्या मापाचे असतात.

म्हणून पहिल्या महिन्यात ‘किती विकले’ यापेक्षा ‘शेवटी कोणते उरले आणि का’ हे जास्त मोलाचं. वहीत प्रत्येक नगाला क्रमांक द्या. आला कधी, दाखवला किती जणींना, गेला कधी, किती रुपयांना. एवढे चार रकाने पुरतात.

उरलेले १,९९४. त्यातले २०० पार्सलच्या पिशव्या, चिकटपट्टी, मार्कर यांना. १,००० रुपये हात न लावता ठेवायचे, ते बदलून देण्यासाठी आणि पोस्टासाठी. राहिले ७९४. हे दुसऱ्या फेरीत, जे डिझाइन संपलं त्याच्यासाठी. पहिल्या दिवशी पूर्ण पाच हजारांचा माल आणला की जे डिझाइन चाललं ते पुन्हा आणायला पैसे नसतात, आणि जे चाललं नाही ते कपाटात असतं.

मोगरा_७

बारा नगांसाठी ३६० रुपये प्रवास जास्तच होतो ना? फोनवर ऑर्डर देऊन मागवावा.

हिशेबनीस

नगामागे ३० रुपये पडतात, जास्त आहेत हे बरोबर. पण पहिली फेरी स्वतः जाऊनच करावी. माल पारखणं, बांधलेला सेट फोडून सुटे नग मिळतात का ते बघणं आणि दुकानदाराची ओळख, ही तिन्ही कामं त्यात होतात. दुसऱ्या फेरीपासून तोच माल पार्सलने आला की नगामागचा खर्च उतरतो. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. साताऱ्याहून कोल्हापूरला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. बारा गाऊनचं ओझं साधारण चार किलो, एका पिशवीत मावतं.

सूतपारखी

कोल्हापूरजवळचं गांधीनगर मार्केट कपड्याच्या होलसेलसाठी जुनं आणि मोठं आहे. गाऊनचा छापील कॉटन माल बराचसा गुजरातमधल्या जेतपूरच्या छपाईचा असतो. दुकानात ‘जेतपूर कॉटन’ म्हणून मागितलंत तर त्यांना लगेच कळतं.

आता मुख्य अडचण सेटची. होलसेलमध्ये बहुतेक दुकानं सुटे नग देत नाहीत. एका डिझाइनचे चार किंवा सहा रंग, कधी एका रंगाची चार मापं, असा बांधलेला सेट घ्यावा लागतो. बारा नग म्हणजे चार-चारचे तीन सेट. प्रत्येक सेटमध्ये एक तरी रंग असा असतो की तो कुणी घेत नाही. जेतपूरच्या मालात तो बहुधा फिका पिवळा नाहीतर गडद तपकिरी. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘सेट फोडता का?’ हा. काही जण नगामागे दहा-वीस रुपये जास्त घेऊन फोडतात. पहिल्या फेरीला ते द्यावेत असं माझं मत. १२ नगांचे १५ प्रमाणे १८० रुपये जास्त गेले तरी चार न खपणारे नग गळ्यात पडण्यापेक्षा स्वस्त.

कडीपत्ता

मी तर म्हणेन बारा वेगवेगळी डिझाइनं आणावीत. बायकांना निवड हवी असते. तीनच डिझाइन दाखवली तर ‘बघते’ म्हणून जातात.

सूतपारखी

निवड दिसायला हवी हे पटतं. पण बारा डिझाइनं एकेक नग आणली आणि एखादं आवडलं की तिघी तेच मागतात, तेव्हा दोघींना नाही म्हणावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे कोणतं डिझाइन चालतं हे कळत नाही, कारण प्रत्येकाला एकच संधी मिळाली. सहा डिझाइनं प्रत्येकी दोन, एक एक्सएल आणि एक डबल एक्सएल, हा मधला मार्ग बरा.

कडीपत्ता

पण तुमच्याच हिशोबाने नको असलेले रंग आणि मापं उरतात. एकेक नगात उरण्याची भीती कमी. ‘एकच पीस आहे’ म्हटलं की लगेच उचलतात. माझं मत तेच.

सूतपारखी

असू दे, दोन्ही रीतींनी चालवणारे लोक आहेत. ज्यांचं गिऱ्हाईक घरी येऊन हाताळून घेतं त्यांना एकेक नग जमतो. फोटोवर विकायचं असेल तर दोन-दोन.

आता पारख. दुकानात गाऊन उलटा करून आतली शिवण बघा. काखेत आणि बाजूला शिवणीच्या पुढे कापड अर्धा इंच तरी हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात उसवतं आणि मोठा करून देताही येत नाही. छापा उलट्या बाजूला अगदीच फिका असेल तर फक्त वरवर छपाई आहे. ओला पांढरा रुमाल गडद भागावर घासून बघा, रंग लागला तर तो गाऊन इतर कपड्यांत धुता येणार नाही. कॉटन आहे का हे बघायला आतल्या शिवणीतले दोन-तीन धागे काढून घरी मोरीत जाळा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. दुकानात काडी ओढू नका, तेवढंच म्हणते.

घरी आल्यावर बारातला एक नग धुवाच. धुण्याआधी छाती आणि लांबी इंचात मोजून लिहा, वाळल्यावर पुन्हा मोजा. कॉटन पहिल्या धुण्यात लांबीत इंच-दीड इंच आटणं सर्रास घडतं. छप्पन्न इंचाचा गाऊन साडेचौपन्न झाला तर उंच बाई तक्रार करणारच. धुतल्यानंतरचं माप पोस्टमध्ये लिहिलंत तर बदलून मागण्याचं मोठं कारण तिथेच संपतं. तो धुतलेला नग स्वतः वापरा किंवा नमुना म्हणून दाखवायला ठेवा, नवा म्हणून विकू नका.

हिशेबनीस

मग हिशोबात विकायला अकराच नग राहिले. ११ × ३५० म्हणजे ३,८५०. सगळे गेले तर ८४४ सुटतात. सेट फोडल्याचे १८० आणि त्यावरचा कर ९ रुपये द्यावे लागले तर ६५५. ताई, पहिल्या महिन्याचा आकडा हा असा आहे. यापेक्षा मोठा कुणी सांगत असेल तर त्याने प्रवास, कर किंवा उरलेला माल धरलेला नाही.

शेवंती

बाप रे. म्हणजे भाव ३९९ ठेवावा का? आणि ऍपवर २९९ ला गाऊन दिसतात, त्याला काय सांगायचं?

सूतपारखी

२९९ शी भांडू नका. त्यात कापड कोणतं हे घेणारीला माहीत नसतं, तुमच्याकडे हात लावून बघता येतं आणि माप धुतल्यानंतरचं लिहिलेलं असतं. तरी ज्यांना २९९ चाच हवा त्यांना घेऊ दे. भाव ३५० की ३९९, हे गावावर आहे. साताऱ्यात सोसायटीतल्या ओळखीत ३५० ला लवकर हलेल असा माझा अंदाज. मोठ्या मापाचा, छाती ४८ च्या वरचा, ३९९ ला बिनबोभाट जातो, कारण तो दुकानात पटकन मिळत नाही.

हिशेबनीस

मी ३७० म्हणेन, आणि घासाघीस झाली तर ३५० ला सोडायचा. पहिल्यांदाच ३५० लावलात तर सोडायला जागा उरत नाही.

नुसती_चौकशी

मध्येच विचारते, माझं थोडं वेगळं आहे. मी गोव्यात फोंड्याला असते आणि इमिटेशनचे दागिने विकते. पॉलिश काळं पडतं म्हणून परत येतात. हाच हिशोब मला लागू होतो का?

सूतपारखी

ताई, मुद्दल आणि उरलेल्या मालाचा हिशोब लागू होतो, परत येण्याचं कारण मात्र वेगळं. गोव्यातली दमट हवा, घाम आणि परफ्युम यांनी पातळ पॉलिश काळवंडतं. प्रत्येक नग हवाबंद झिपच्या पिशवीत ठेवा, कापसात नको, कापूस ओलावा धरतो. ‘पाणी-परफ्युम लावू नका, वापरून झाल्यावर पुसून ठेवा’ अशी चिठ्ठी आत टाका आणि पॉलिशची गॅरंटी देऊ नका. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, नाहीतर इथे गाऊन मागे पडतील.

हिशेबनीस

आता विक्री. व्हॉट्सऍप बिझनेस हे वेगळं ऍप घ्या, दुसऱ्या सिमवर. त्यात कॅटलॉग लावता येतो आणि गिऱ्हाइकांना ‘पैसे आले’, ‘द्यायचा आहे’ अशी लेबलं लावता येतात. घरचा नंबर घरचाच राहतो.

ब्रॉडकास्टबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. यादीत २५६ जणं घालता येतात, पण निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे. शंभर जणींना पाठवला आणि आठ जणींनी बघितला, असं होतं ते यामुळे. म्हणून पहिल्या आठवड्यात चौकशी करताना ‘माझा हा नंबर साठवून ठेवा’ हे सांगायचंच. ज्यांना नको त्यांना यादीत घालू नका. शाळेच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर ऍडमिनला आधी विचारा, न विचारता टाकलेल्या एका पोस्टने वर्षभराची ओळख बिघडते.

कडीपत्ता

फोटोबद्दल सांगते. दुपारी खिडकीजवळ, दिवा बंद करून, गाऊनशेजारी पांढरा कागद ठेवून काढा. पिवळ्या दिव्याखाली निळा हिरवट दिसतो आणि मग ‘फोटोत वेगळा होता’ सुरू होतं. फिल्टर नको. पूर्ण गाऊन, गळा जवळून, खिसा, आणि कापडाचा अगदी जवळचा, असे चार फोटो पुरेत. खाली क्रमांक, छाती, लांबी, बाही, भाव, पोस्टाचा खर्च वेगळा. एवढं लिहिलं की फोनवर तेच तेच सांगण्यात तुमची दुपार जात नाही.

आणि दिवसाला दोन-तीनच नग दाखवा. बाराच्या बारा एकदम टाकले की दुसऱ्या दिवशी दाखवायला काही नसतं.

शेवंती

एकच गाऊन दोघींनी ‘माझा’ म्हटला तर?

कडीपत्ता

‘पैसे आधी आले त्यांचा’ हे पोस्टच्या खालीच लिहा. राखून ठेवायचा तर त्या रात्री नऊपर्यंत, त्यानंतर मोकळा. राखून ठेवलेला गाऊन चार दिवस अडला आणि शेवटी नको झाला, हे या धंद्यात रोजचं आहे.

हिशेबनीस

उधारीचंही तसंच. वर हिशोब पाहिलात, मुद्दल सुटायला नऊ नग रोख जावे लागतात. ओळखीतल्या तिघींनी ‘पुढच्या पगाराला देते’ म्हटलं तर १,०५० रुपये बाहेर, आणि दुसरी फेरी तिथेच थांबते. तोंडावर नाही म्हणणं जमत नसेल तर स्वतःशी नियम करा, एका वेळी उधारी एकीचीच. ती फिटली की दुसरीला.

पैसे आले की नाही हे स्क्रीनशॉट बघून ठरवू नका, तो बनवता येतो. आपल्या बँकेच्या खात्यात किंवा ऍपमध्ये नोंद दिसली की मगच गाऊन द्या. अनोळखी कुणी ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर होतो तितकी रक्कम अडवून धरणं कठीण.

मोगरा_७

होलसेलवाल्यांचे व्हॉट्सऍप ग्रुप असतात, तिथे ४९९ भरून रिसेलर म्हणून नाव नोंदवतात. ते घ्यावं का? सुरतचे भाव मिळतात म्हणे.

हिशेबनीस

माल विकणारा माल विकून कमावतो, नाव नोंदवून नाही. फी मागितली की तिथेच थांबा. अनोळखी व्यापाऱ्याकडून मागवायचंच असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक घ्या आणि gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका. व्यापारी नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. पैसे ज्या नावाच्या खात्यात मागतोय ते त्या नावाशी जुळायला हवं. पाठवल्यावर बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, किंवा पार्सलचा क्रमांक त्याच दिवशी मागायचा.

घाटावरचा

जीएसटीचं निघालंच आहे तर सांगतो, ताईंना काळजी नको. ४० लाखांपर्यंत मालाला नोंदणी लागत नाही.

हिशेबनीस

अर्धं बरोबर आहे. ४० लाखांची मर्यादा राज्याच्या आत विकलेल्या मालासाठी. शेवंतीताईंनी वर बेळगावचा उल्लेख केलाय. बेळगाव कर्नाटकात. साताऱ्याहून तिथे गाऊन विकला की तो दुसऱ्या राज्यात केलेला पुरवठा झाला, आणि त्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आधी घ्यावी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना वेगळी सूट आहे, पण तयार छापील गाऊन त्यात बसत नाहीत. गोव्यालाही हेच.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना आपल्याच राज्यात विकायची मुभा आहे, पण त्यासाठी जीएसटी संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका. सातारा, कराड, पुणे, एवढ्यातच अकरा नग जातील.

शेवंती

म्हणजे मावसबहिणीला सध्या नाही म्हणायचं. ती साताऱ्याला आली आणि स्वतःसाठी रोख पैसे देऊन घेऊन गेली तर?

हिशेबनीस

तुमच्या घरी येऊन, हातात घेऊन, पैसे देऊन गेली तर विक्री साताऱ्यातच झाली. तिने तिथे पुढे विकायचे ठरवले तर तो तिचा व्यवहार, तिच्या राज्यातला. पार्सल तुम्ही पाठवलंत की गोष्ट बदलते. नियमित व्हायला लागलं तर एखाद्या कर सल्लागाराला दाखवूनच करा.

कडीपत्ता

पोस्टाचं कुणी बोललं नाही. गाऊन पिशवीसकट तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरतो. एकच गाऊन पाठवला तर अर्ध्या किलोच्या आत बसतो, दोन झाले की पुढचा टप्पा लागतो. म्हणून आधी घरच्या काट्यावर तोला, मग पोस्टात त्या पिनकोडचा दर विचारा, आणि गिऱ्हाइकाला आकडा सांगा. खासगी कुरिअर बऱ्याचदा आकारावरून वजन धरतात, लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००. कपड्याला खोका वापरू नका. घडी दाबून, आत साधी पारदर्शक पिशवी, वर कुरिअरची पिशवी. पावसाळ्यात आतली पिशवी विसरलात तर छाप्याचा रंग उतरतो.

मोगरा_७

‘फ्री डिलिव्हरी’ लिहिलं की पटकन घेतात, अनुभव सगळ्यांचाच. आणि कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं तर अनोळखी लोकही घेतात.

हिशेबनीस

३५० च्या गाऊनला पोस्ट ७० धरा, पिशवीचे ७. ‘फ्री’ म्हटलं की ९९.५० मधून ७७ गेले, साडेबावीस उरले. त्यापेक्षा ‘सातारा शहरात घरपोच, बाहेर पोस्ट वेगळं’ लिहा.

कॅश ऑन डिलिव्हरीत घेणारीने दार उघडलं नाही तर जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च तुमचे. एक पार्सल परत आलं की दीड गाऊनचा नफा गेला, शिवाय तो नग आठ-दहा दिवस रस्त्यात असतो. अकरा नगांवर हे झेपत नाही. पहिल्या महिन्यात नाहीच.

मोगरा_७

पूर्ण बंद ठेवणं मला तरी पटत नाही. निदान ७०-८० रुपये आगाऊ घेऊन बाकी दारात, असं करता येईल.

हिशेबनीस

आगाऊ रकमेत जाण्यायेण्याचा खर्च पूर्ण निघत असेल, म्हणजे दीडशेच्या आसपास, तर करून बघायला हरकत नाही. सत्तरमध्ये एकच बाजू निघते.

सूतपारखी

बदलून देण्याचा नियम मात्र पहिल्याच पोस्टमध्ये हवा. न धुतलेला, चिठ्ठी न काढलेला, दोन दिवसांत, माप बदलून मिळेल. शिवण किंवा कापड खराब निघालं तर पैसे परत. रंग आवडला नाही म्हणून पैसे परत नाहीत. पार्सल बांधताना गाऊन दोन्ही बाजूंनी उलगडून छोटा व्हिडिओ काढा, घेणारीलाही उघडताना काढायला सांगा. डाग तुमच्याकडचा की वाटेतला, हा वाद त्याने मिटतो.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय, काही चुकत असेल तर सांगा. पहिला आठवडा फक्त चौकशी आणि नंबर साठवून घेणं, माल नाही. दुसऱ्या आठवड्यात गांधीनगर, सहा डिझाइनं दोन-दोन, सेट फोडून. एक नग धुऊन मापं. त्याच आठवड्याच्या शेवटी फोटो. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन नग दाखवायचे, भाव ३७०, पैसे आधी. चौथ्या आठवड्यात काय उरलं ते बघून जे संपलं ते पार्सलने मागवायचं. हजार रुपयांना हात नाही.

हिशेबनीस

ठीक आहे. चौथ्या आठवड्यात एक भर घाला. जो नग वीस दिवस हलला नाही तो खरेदीच्या भावाला, म्हणजे २५० ला, सोडायचा. २५० रुपये अडकून पडण्यापेक्षा त्यातून चालणाऱ्या डिझाइनचा एक गाऊन आलेला बरा. पण ‘सेल’ म्हणून ग्रुपवर टाकू नका, आधी ३७० ला घेतलेल्या बायका नाराज होतात. ज्यांनी दोन घेतले त्यांना वेगळं सांगून द्या.

कडीपत्ता

वीस दिवस थोडे कमी वाटतात मला. माप मोठं असेल तर थांबावं, त्याचं गिऱ्हाईक उशिरा येतं पण येतं.

शेवंती

बरोबर, वहीत मापाप्रमाणे वेगळं बघेन. एक शेवटचं, छाती ५० पर्यंतचे गाऊन गांधीनगरमध्ये त्याच दुकानात मिळतात का? तिघींनी आत्ताच विचारलंय.

सूतपारखी

सगळीकडे नाही. ‘थ्री एक्सएल’ लिहिलेलं असलं तरी पट्टी लावून मोजा, एका दुकानाचं ४८ भरतं तर दुसऱ्याचं ५२. छातीबरोबर काखेचा घेर बघा. पुष्कळदा छाती वाढवतात आणि काख तेवढीच ठेवतात, मग गाऊन अंगात जातो पण हात वर होत नाही. तिघींची छाती आणि दंडाचा घेर इंचात घेऊन जा, आणि तेवढे तीन नग बारामध्येच धरा, वेगळे नकोत.